अल्फा ०.७८, ओमेगा ०.७५: तरीही ओमेगाच का लिहायचा?

नागपुरात अकरावी-बारावीच्या मुलांवर काम करणारे पीएच.डी.चे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. कुणाचा विषय अभ्यासाच्या सवयी असतो, कुणाचा मोबाइलचा वापर, आणि परीक्षेची धास्ती तर ठरलेलीच. एक मापनी बनवायची किंवा इंग्रजीतली मराठीत आणायची, धरमपेठ ते हिंगणा अशी दोन-चार कॉलेजं आणि क्लासेस फिरून ती भरून घ्यायची, आणि मग संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य टाकायचं: 'मापनीची विश्वसनीयता क्रॉनबॅक अल्फाने तपासली, ती ०.७८ आली.' गाइड मान डोलावतात आणि प्रकरण पुढे सरकतं.

आता मात्र नियतकालिकांचे परीक्षक आणि बाहेरचे एक्झामिनर विचारू लागले आहेत की अल्फाच का, ओमेगा का नाही? मग घाईघाईने ओमेगा काढला जातो आणि समर्थनात लिहिलं जातं की ओमेगा आधुनिक आहे, किंवा ओमेगा जास्त आला. ही दोन्ही समर्थनं टिकत नाहीत. खरं समर्थन कुठून येतं हे एका मापनीवर नीट पाहू. खालचे आकडे हिशोब कळावा म्हणून मी घेतलेले आहेत, कुठल्या सर्वेक्षणातले नाहीत.

समजा परीक्षेच्या धास्तीची सहा विधानांची मापनी आहे. प्रत्येक विधानाला 'कधीच नाही' ते 'नेहमी' असे एक ते पाच गुण.

१. पेपर हातात आला की छातीत धडधडतं.
२. परीक्षेचा विचार आला की वाचलेलं डोक्यात शिरत नाही.
३. पेपर लिहिताना येणारं उत्तरही आठवेनासं होतं.
४. परीक्षेच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही.
५. पेपरच्या आधीच्या रात्री माझी झोप सारखी मोडते.
६. मार्क कमी पडले तर घरचे काय म्हणतील याची भीती वाटते.

हिशोब सोपा राहावा म्हणून प्रत्येक विधानाचा व्हेरिअन्स १ धरू. म्हणजे सहा विधानांच्या व्हेरिअन्सची बेरीज ६. सहाही विधानांचे गुण मिळवून प्रत्येक मुलाचा एकूण गुण काढला आणि त्या एकूण गुणाचा व्हेरिअन्स आला १७.२८. विधानं एकमेकांसोबत वरखाली होतात म्हणूनच तो सहापेक्षा इतका मोठा झाला. अल्फा नेमका एवढ्यावरच उभा आहे. ६ भागिले १७.२८ म्हणजे ०.३४७, ते १ मधून वजा केले की ०.६५३, आणि विधानांची संख्या सहा म्हणून त्याला ६/५ ने गुणायचं. उत्तर ०.७८.

विधान कोणतं, कशाबद्दल आहे, इतरांशी कसं जुळतं, यातलं काहीही या हिशोबात आलं नाही. विधानं एकत्र हलतात एवढंच अल्फाने पाहिलं. ती धास्तीमुळे एकत्र हलतात की आणखी कशामुळे, हे त्याला कळत नाही. ली क्रॉनबॅक यांचा प्रसिद्ध लेख १९५१ चा आहे आणि हाच आकडा लुई गटमन यांनी १९४५ मध्येच वेगळ्या नावाने मांडला होता. कागद-पेन्सिलीच्या त्या काळात एवढ्या थोड्या माहितीवरून विश्वसनीयतेचा अंदाज मिळणं ही मोठी सोय होती. पण या सोयीसाठी दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात, आणि अल्फा की ओमेगा हा निर्णय त्या दोन गोष्टींवर होतो.

पहिली गोष्ट अशी की प्रत्येक विधान धास्तीला सारख्याच प्रमाणात पकडतं. फॅक्टर ॲनालिसिसच्या भाषेत सगळी लोडिंग्ज समान. दुसरी गोष्ट अशी की धास्ती बाजूला काढली तर विधानांच्या उरलेल्या भागांचा, म्हणजे त्रुटींचा, एकमेकांशी काही संबंध राहत नाही. ओमेगावरच्या बहुतेक समर्थनांत फक्त पहिली गोष्ट येते. माझ्या मते आपल्याकडच्या मापन्यांत दुसरी जास्त घोटाळा करते, आणि तिचा उल्लेख क्वचितच दिसतो.

पहिलीपासून सुरू करू. एकाच फॅक्टरचं मॉडेल बसवलं आणि लोडिंग्ज आली ०.८, ०.७, ०.७, ०.५, ०.५, ०.४. सारखी अजिबात नाहीत. 'छातीत धडधडतं' हे विधान धास्तीला घट्ट धरून आहे. 'घरचे काय म्हणतील' मात्र सैल आहे, कारण त्यात घरचं वातावरणही मिसळलेलं आहे. रॉडरिक मॅकडोनाल्ड यांनी १९७० च्या दशकात मांडलेला ओमेगा ही लोडिंग्जच हिशोबात घेतो. लोडिंग्जची बेरीज ३.६, तिचा वर्ग १२.९६. एकूण गुणाच्या व्हेरिअन्समधला धास्तीमुळे आलेला भाग तो हा. उरलेला भाग त्रुटींचा: प्रत्येक लोडिंगचा वर्ग १ मधून वजा करून सगळ्यांची बेरीज केली की ३.७२. त्रुटी एकमेकांपासून स्वतंत्र असत्या तर एकूण व्हेरिअन्स १६.६८ झाला असता, आणि ओमेगा म्हणजे १२.९६ भागिले १६.६८, जवळपास ०.७८. याच परिस्थितीत अल्फा ०.७७ येतो.

लोडिंग्ज ०.४ ते ०.८ इतकी पसरलेली असूनही दोन आकड्यांत फरक पडला एका शतांशाचाही नाही. लोडिंग्ज असमान असतील तर अल्फा विश्वसनीयता कमी दाखवतो हे खरं, पण विधानं पाच-सहाच्या वर असतील तर ती तूट सहसा किरकोळ असते. म्हणून 'ओमेगा जास्त आला' हे समर्थन पोकळ आहे. व्हायवात एखादी विद्यार्थिनी म्हणते, 'सर, अल्फा पॉइंट सेव्हन सेव्हन येत होता, ओमेगाने पॉइंट सेव्हन एट आला म्हणून तो घेतला,' तेव्हा तिने निर्णय आकडे पाहून घेतला हे तिच्याच तोंडून बाहेर येतं.

आता दुसरी गोष्ट. विधान ४ आणि ५ पुन्हा वाचा. दोन्ही आदल्या रात्रीच्या झोपेबद्दल आहेत. एखाद्या मुलाला परीक्षेची काही धास्ती नसेल, पण मे महिन्यात घरातला कूलर बिघडला असेल, तरी तो दोन्हीला 'नेहमी' लिहील. म्हणजे या दोन विधानांत धास्तीशिवाय आणखी एक समान धागा आहे. भाषांतरित मापन्यांत असं फार होतं. इंग्रजीतली दोन थोडी वेगळी वाक्यं मराठीत येताना जवळजवळ एकच होऊन जातात. उलट्या अर्थाची विधानं एकमेकांना चिकटतात तीही बहुधा अशाच एका जादा समान धाग्यामुळे.

धास्तीमुळे या दोन विधानांत जो सहसंबंध यायला हवा तो ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५. प्रत्यक्षात तो ०.५५ आहे असं धरू. मधला ०.३० झोपेचा आहे. एकूण गुणाच्या व्हेरिअन्समध्ये तो दोनदा मिळतो, म्हणून १६.६८ चे १७.२८ झाले. सुरुवातीचा आकडा तिथून आला. आणि हे वाढलेले ०.६० अल्फाने आपल्या खात्यात जमा करून घेतले, कारण विधानं एकत्र हलली की त्याच्या दृष्टीने ती विश्वसनीयताच. अल्फा ०.७७ वरून ०.७८ वर गेला. खरं तर धास्तीचा भाग तेवढाच राहिला, १२.९६. वाढली ती धास्तीशी संबंध नसलेली बाजू. म्हणून योग्य ओमेगा १२.९६ भागिले १७.२८, म्हणजे ०.७५.

मापनी बिघडली आणि अल्फा वाढला. अल्फा ही विश्वसनीयतेची खालची मर्यादा आहे, खरी विश्वसनीयता त्याहून जास्तच असेल, असं पुस्तकातलं वाक्य प्रबंधांत सर्रास उतरवलेलं असतं. ते फक्त त्रुटी स्वतंत्र असतील तेव्हाच खरं आहे.

पण ओमेगाचं नाव घेतलं म्हणून हा घोटाळा आपोआप सुटत नाही. झोपेचा धागा मॉडेलमध्ये न घालता साधं एका फॅक्टरचं मॉडेल चालवलं, तर सॉफ्टवेअर विधान ४ आणि ५ ची लोडिंग्ज फुगवेल आणि ओमेगाही अल्फाच्या आसपास जाऊन बसेल. ओमेगा त्याच्या मागच्या मॉडेलइतकाच खरा असतो. समर्थन म्हणून मॉडेलबद्दल लिहायचं असतं ते यासाठी. आकड्याबद्दल लिहून भागत नाही.

हे करायचं कसं? मी आर आणि `lavaan` वापरायला सांगते, कारण त्यात सूत्र आपल्या हाताने लिहिता येतं आणि भाजकात काय गेलं ते डोळ्यांना दिसतं.

```r
library(lavaan)
m <- '
  F =~ l1*p1 + l2*p2 + l3*p3 + l4*p4 + l5*p5 + l6*p6
  p1 ~~ e1*p1
  p2 ~~ e2*p2
  p3 ~~ e3*p3
  p4 ~~ e4*p4
  p5 ~~ e5*p5
  p6 ~~ e6*p6
  p4 ~~ c*p5
  omega := (l1+l2+l3+l4+l5+l6)^2 /
    ((l1+l2+l3+l4+l5+l6)^2 + e1+e2+e3+e4+e5+e6 + 2*c)
'
fit <- cfa(m, data = d, std.lv = TRUE,
           se = "bootstrap", bootstrap = 2000)
parameterEstimates(fit, boot.ci.type = "perc")
```

`p4 ~~ c*p5` ही ओळ झोपेचा धागा आहे, आणि भाजकातला `2*c` म्हणजे वरच्या हिशोबातले ०.६०. शेवटच्या ओळीच्या आउटपुटमध्ये `omega` ची किंमत आणि तिचा विश्वास अंतराल दोन्ही मिळतात. अंतराल द्यायलाच हवा. तीनशे मुलांच्या नमुन्यात ०.७५ हा आकडा दोन्ही बाजूंना काही शतांश सहज हलतो, आणि नुसता ०.७५ लिहिला की वाचणाऱ्याला तो दगडावर कोरलेला वाटतो.

लोडिंग्ज समान आहेत की नाहीत हे तपासायला दुसरं मॉडेल चालवायचं, ज्यात सगळ्यांना एकच लेबल द्यायचं, `F =~ a*p1 + a*p2 + ...` असं, आणि `anova()` ने दोन मॉडेल्सची तुलना करायची. ही समानता कच्च्या, म्हणजे अनस्टँडर्डाइज्ड लोडिंग्जबद्दलची आहे. आउटपुटमधला `Std.all` हा रकाना पाहून 'लोडिंग्ज सारखीच दिसतात' म्हणणारे बरेच असतात. विधानांचे व्हेरिअन्स वेगवेगळे असले की तो रकाना फसवतो.

आणखी एक सापळा सांगून ठेवते. `psych` पॅकेजमधलं `omega()` हे फंक्शन झटपट चालतं म्हणून लोकप्रिय आहे. पण आपण काही सांगितलं नाही तर ते एका सामाईक फॅक्टरखाली तीन उपफॅक्टर धरून चालतं, आणि `Omega Hierarchical` व `Omega Total` अशा वेगवेगळ्या किमती छापतं. सहा विधानांच्या, एकच गोष्ट मोजणाऱ्या मापनीसाठी त्यातला `Omega Total` उचलणं म्हणजे झोपेच्या धाग्यासारखे उपधागेही विश्वसनीयतेत मोजणं. नुसतं 'ओमेगा = ०.८३' असं वाचलं की परीक्षकाला हा ओमेगा कोणता ते कळत नाही, आणि तो विचारणारच.

झोपेचा धागा मॉडेलमध्ये घालण्याचं कारणही आधी हवं. मॉडिफिकेशन इंडेक्सची यादी उघडून सगळ्यात मोठा आकडा दिसला तिथे बाण जोडायचा, मग पुढचा, असं मॉडेल नीट बसेपर्यंत करत राहणं ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. दोन विधानांचा आशय एकच आहे हे विधानं वाचून सांगता यायला हवं. पायलट अभ्यासाच्या टप्प्यावर असाल तर मी धागा घालण्यापेक्षा एक विधान सरळ गाळायला सांगेन. माहिती गोळा करून झाली असेल तर धागा घाला आणि तसं लिहा.

संशोधन पद्धतीच्या प्रकरणात परिच्छेद साधारण असा उतरतो:

'मापनीतील सहा विधाने एकच संकल्पना, परीक्षेची धास्ती, मोजतात असे गृहीत धरून एक-घटक पुष्टीकारक घटक विश्लेषण केले (मॉडेलचे निर्देशांक तक्ता ४ मध्ये). विधान ४ व ५ दोन्ही परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेविषयी असल्याने त्यांच्या त्रुटींमधील सहसंबंध मॉडेलमध्ये आधीच समाविष्ट केला. सर्व विधानांची लोडिंग्ज समान असल्याचे गृहीतक तपासले असता ते नाकारले गेले. अल्फा गुणांकासाठी समान लोडिंग्ज व स्वतंत्र त्रुटी ही दोन्ही गृहीतके आवश्यक असून या नमुन्यात दोन्ही पूर्ण होत नाहीत; म्हणून एकूण गुणाची विश्वसनीयता वरील मॉडेलवर आधारित ओमेगा गुणांकाने काढली. त्रुटींमधील सहसंबंध सूत्राच्या भाजकात धरला आहे. ओमेगा ०.७५ (९५ टक्के विश्वास अंतराल ०.७१ ते ०.७९, २००० बूटस्ट्रॅप नमुने). पूर्वीच्या अभ्यासांशी तुलनेसाठी अल्फाही दिला आहे: ०.७८.'

यात ओमेगा श्रेष्ठ असल्याचं एकही वाक्य नाही. अल्फाला काय लागतं, ते इथे आहे का, आणि नसेल तर काय केलं, एवढंच आहे. अल्फा शेवटी दिला आहे तोही मुद्दाम. जुन्या प्रबंधांत फक्त अल्फा आहे आणि वाचणाऱ्याला तुलना करायची असते. शिवाय तो ओमेगापेक्षा मोठा असूनही तुम्ही ओमेगावर थांबलात, हे परीक्षकाला आपोआप दिसतं. सॉफ्टवेअर आणि पॅकेजची आवृत्ती लिहायला विसरू नका.

तपासणीत लोडिंग्ज समान निघाली आणि त्रुटीही स्वतंत्र असल्या तर? मग अल्फा आणि ओमेगा जवळपास एकच येतात आणि अल्फा लिहायला काहीच हरकत नाही. फक्त हे दोन्ही तपासल्याचं एका वाक्यात सांगा. मूळ इंग्रजी मापनीचा अल्फा किती होता हे मात्र तुमच्या विश्वसनीयतेचा पुरावा होत नाही. विश्वसनीयता त्या गुणांची असते, तुमच्या नमुन्यातल्या, तुमच्या मराठी शब्दांतल्या.

०.७५ पुरेसा आहे का, हा प्रश्न लगेच येतो आणि 'सत्तरच्या वर म्हणून चालेल' हे उत्तर तयार असतं. ते कशासाठी वापरणार यावर आहे. एकूण गुणाचा व्हेरिअन्स १७.२८ म्हणजे प्रमाण विचलन ४.१६. विश्वसनीयता ०.७५ असेल तर मापनाची प्रमाण त्रुटी याच्या बरोबर निम्मी, २.०८. म्हणजे तीसपैकी १८ गुण मिळालेली मुलगी आणि २० मिळालेला मुलगा यांच्यात फरक आहे असं ही मापनी सांगू शकत नाही. धास्तीचा आणि गुणांचा संबंध पाहायला, किंवा क्लासला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांच्या गटांची तुलना करायला ती चालेल. २० च्या वरच्या मुलांना समुपदेशनाला पाठवा, असं तिच्यावरून ठरवू नये. हे चर्चेच्या प्रकरणात लिहिणारे फार कमी असतात आणि मला ते नेहमी खटकतं.

काही ठिकाणी ओमेगाही अडतो. विधानं दोनच असतील तर जादा अटी घातल्याशिवाय एका फॅक्टरचं मॉडेल काढताच येत नाही. तीन असतील तर काढता येतं, पण ते नेहमीच तंतोतंत बसतं, त्यामुळे मॉडेल बरोबर आहे का हे तपासायला जागा उरत नाही आणि झोपेसारखा धागा वेगळा दाखवता येत नाही. नमुना साठ-सत्तर मुलांचा असेल तर कधी मॉडेल चालतच नाही, कधी एखाद्या विधानाचा त्रुटी-व्हेरिअन्स ऋण येतो. असा ऋण आकडा दिसला तर त्यावरून काढलेला ओमेगा कितीही देखणा असला तरी छापू नका.

आणि उत्तरांचे पर्याय पाचऐवजी दोन-तीनच असतील, 'हो', 'नाही', 'कधीकधी' असे, तर वरचा सगळा हिशोब डळमळतो, कारण तो गुणांना सलग संख्या मानतो. तेव्हा क्रमवार उत्तरांसाठीचं मॉडेल घ्यावं लागतं आणि ओमेगाही त्या प्रकारचा, प्रत्यक्ष बेरजेच्या गुणांसाठी काढलेला. पॉलिकोरिक सहसंबंधांवरून काढलेला 'ऑर्डिनल अल्फा' हा त्याला पर्याय नाही. तो बहुतेक वेळा मोठा आणि आकर्षक येतो, पण तो विधानांमागच्या कल्पित, सलग गुणांची विश्वसनीयता सांगतो. तुमच्या एक्सेल शीटमध्ये जी बेरीज आहे आणि जिच्यावर तुम्ही टी-टेस्ट लावणार आहात, तिची नाही.